एक डबा नेमका कितीला पडतो?

कालनिर्णयाच्या चौकटीत दुधाचे खाडे लिहायची सवय बहुतेक मराठी घरांना आहे. महिनाअखेरीला खाडे मोजायचे, तेवढ्या लिटरचे पैसे वजा करायचे, उरलेले दूधवाल्याच्या हातावर ठेवायचे. या हिशेबात भांडण होत नाही, कारण आपण न घेतलेलं दूध दूधवाला पुढच्या घरी घालतो. त्याचं नुकसान नाही आणि आपल्यालाही पूर्ण भावाने वजावट मिळते. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्यात आलेली मंडळी महिन्याचा डबा लावतात, तेव्हा हीच दुधाची रीत मनात धरून चालतात आणि तिथेच त्यांचा हिशेब चुकतो. डब्याचा खाडा दुधाच्या खाड्यासारखा नसतो. त्यात सुरुवातीला भरलेलं डिपॉझिट मिसळलं, की एक जेवण कितीला पडलं हे धड कुणालाच सांगता येत नाही.

एक नमुन्याचा महिना घेऊ. आकडे समजुतीपुरते आहेत, पण कर्वेनगर-कोथरूडच्या गल्ल्यांतून डबा लावलेल्या कुणालाही ते ओळखीचे वाटतील. साताऱ्याची एक मुलगी पुण्यात खोली करून राहते आणि दोन्ही वेळचा डबा लावते. चार पोळ्या, एक सुकी भाजी, आमटी, भात, सोबत कोशिंबीर किंवा लोणचं. महिन्याचे ३६०० रुपये आगाऊ. डिपॉझिट ५००, कारण एक डबा तिच्याकडे आणि एक काकूंकडे असे दोन स्टीलचे डबे फिरत राहतात. रविवारी संध्याकाळी स्वयंपाक बंद. एका वेळचा सुटा डबा हवा असेल तर ९० रुपये.

बहुतेक जण ३६०० ला ६० ने भागतात आणि साठ रुपयांत जेवण म्हणून खूश होतात. पण महिन्यात ६० जेवणं नसतातच. तीस दिवसांत चार रविवार आले, तर चार संध्याकाळी वजा होऊन ५६ डबे उरतात आणि एक डबा ६४ रुपये २९ पैशांना पडतो. महिना शनिवारी किंवा रविवारी सुरू झाला तर त्यात पाच रविवार येतात, डबे ५५ होतात आणि भाव सव्वा रुपयाने चढतो. हा फरक किरकोळ आहे. मोठा फरक पडतो तो काकूच सुट्टीवर गेल्या तर. दिवाळीत त्यांनी मधल्या वारचे चार दिवस चूल बंद ठेवली आणि त्या दिवसांचं काही वळतं केलं नाही, तर ५६ चे ४८ डबे होतात आणि प्रत्येक डबा सरळ ७५ रुपयांना जातो. म्हणून खाडा कुणाचा, हे आधी वेगळं करायला हवं. देणाऱ्याने बंद ठेवलेले दिवस हा गिऱ्हाइकाचा खाडा नव्हे, आणि त्याला खाड्याचे नियमही लागू नाहीत. तेवढे दिवस पुरते भरून मिळायला हवेत, अशी माझी तरी ठाम समजूत आहे.

आता मुलीचे स्वतःचे खाडे पाहू. बहुतेक ठिकाणी नियम थोड्याफार फरकाने असे असतात. सलग तीन दिवस बंद असेल तरच खाडा धरायचा. आदल्या दिवशी कळवायचं. पूर्ण दिवसच मोजायचा, एका वेळेचा खाडा नाही. महिन्यात किती खाडे चालतील, त्यालाही मर्यादा. आणि वजावट पूर्ण भावाने नाही, तर ठरलेल्या कमी दराने. आपल्या उदाहरणात ती डब्यामागे ५० रुपये, म्हणजे पूर्ण दिवसाचे १०० धरू.

मुलगी गुरुवारी संध्याकाळी साताऱ्याची एसटी धरते आणि सोमवारी दुपारी परतते. तिच्या हिशेबाने सात जेवणं चुकली. गुरुवार रात्र, शुक्रवार आणि शनिवार दोन्ही वेळ, रविवार सकाळ, सोमवार सकाळ. रविवारची रात्र मुळातच बंद होती. पण काकूंच्या वहीत गुरुवार आणि सोमवार हे अर्धे दिवस आहेत, ते धरले जात नाहीत. शुक्रवार, शनिवार आणि रविवार हे तीन दिवस धरले, आणि रविवारी एकच डबा असल्याने त्याचे ५० लावले. वजावट झाली २५० रुपये. मुलगी म्हणते, सात डब्यांचे साडेचारशे व्हायला हवेत. दोनशे रुपये गेले कुठे?

ते दोन ठिकाणी गेले. धरलेल्या पाच डब्यांवर दर डब्यामागे चौदा रुपये कमी मिळाले, ते झाले सुमारे ७१. उरलेले १२९ रुपये गेले त्या न धरलेल्या दोन डब्यांत. वाद मात्र नेहमी पहिल्या गोष्टीवर होतो, की पन्नासच का, चौसष्ट का नाही. खरी गळती सुट्टीच्या दोन टोकांना असलेल्या अर्ध्या दिवसांत असते. गुरुवारचा रात्रीचा डबा लवकर मागून घेऊन तोच एसटीत खाल्ला, तर त्या गळतीतली निम्मी थांबते. काकूंना थोडं आधी सांगितलं तर त्या सहसा नाही म्हणत नाहीत, कारण संध्याकाळच्या भाज्या चारलाच गॅसवर चढलेल्या असतात.

या महिन्यात तिच्या खिशातून गेले ३३५० रुपये आणि हातात आले ४९ डबे. एक डबा ६८ रुपये ३७ पैशांना पडला. चार दिवस घरी जाऊन आल्यावर जेवण चार रुपयांनी महाग झालं. खाडे धरूनही भाव वाढतो, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण वजावटीचा दर सरासरी भावापेक्षा कमी असेल तर दुसरं काही होऊच शकत नाही.

यात काकूंचा लबाडपणा शोधण्याआधी त्यांच्या स्वयंपाकघरात डोकवायला हवं. डबा बंद ठेवला की त्यांची कणीक, भाजी, डाळ, तांदूळ एवढं वाचतं. पोळ्या लाटणारी बाई नगावर पैसे घेत असेल तर चार पोळ्यांची मजुरीही वाचते. पण जागेचं भाडं, भाजी चिरणाऱ्या बाईंचा पगार, डबे पोचवणाऱ्या मुलाचं महिन्याचं ठरलेलं वेतन आणि त्याच्या गाडीचं पेट्रोल यांतला एक रुपयाही एका डब्याने कमी होत नाही. साठ घरांना डबा देताना एकोणसाठ घरांसाठी आमटीचं पातेलं लहान होत नाही. म्हणून एकट्यादुकट्या दिवसाचा खाडा धरत नाहीत. तीन दिवसांची अट आणि आदल्या दिवशी कळवायची अट यांचं कारणही हेच आहे. भाजी पहाटे किंवा आदल्या संध्याकाळी आलेली असते, आणि सकाळी आठ वाजता आलेल्या ‘काकू, आज डबा नको’ या निरोपाने ती मंडईत परत जात नाही. चौसष्टातले पन्नास परत मिळत असतील तर तो दर मला वाईट वाटत नाही. वीस-पंचवीस देणारेही असतात, आणि तिथे मात्र घासाघीस करायला हरकत नाही.

आगाऊ पैसे आणि डिपॉझिट ही पद्धत नेहमीची नव्हती. मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायका कामगारांना महिनाभर जेवू घालत आणि पैसे पगार झाल्यावर मिळत. मधले दिवस वाण्याकडून उधारीवर काढायचे, आणि त्या उधारीचं ओझं त्यांच्याच डोक्यावर. या बायकांना एकत्र आणून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. आज पुण्यातल्या काकू पहिल्या तारखेला पैसे घेतात, तेव्हा हे ओझं गिऱ्हाइकाकडे सरकलेलं असतं. वाण्याकडून रोखीने माल घेता आला की दर बरा लागतो आणि त्यातला थोडा लाभ डब्याच्या भावातही उतरतो. पण महिनाभराचे पैसे आधीच दिलेले असल्याने वजावटीच्या वेळी गिऱ्हाईक मागणारा ठरतो, देणारा नाही. वादात जी बाजू पैसे धरून बसलेली असते तिचं पारडं जड असतं. म्हणून नियम आधी विचारायचे.

वजावटीचा आणखी एक प्रकार आहे आणि तो पुष्कळदा गिऱ्हाइकाच्या जास्त फायद्याचा असतो. पैसे वजा करण्याऐवजी काकू दिवस पुढे ढकलतात. तीन दिवसांचा खाडा असेल तर महिना तीन दिवस उशिरा संपतो. आपल्या मुलीला असे तीन दिवस मिळाले आणि त्यांत रविवार नसला, तर तिच्या पदरात सहा डबे जास्त पडतात. शुक्रवार ते रविवार या दिवसांत चुकलेले डबे तर पाचच होते. ३६०० रुपयांत ५५ डबे झाले आणि एक डबा ६५ रुपये ४५ पैशांना आला. रोख वजावटीत तोच ६८ च्या वर होता. दिवसाला दिवस मिळाला की भाव जवळजवळ हलत नाही, कारण इथे पन्नास की चौसष्ट हा प्रश्नच उरत नाही. अडचण एकच. पुढे ढकललेले दिवस खाणाऱ्यालाच मिळतात. परीक्षा संपवून गाव गाठणाऱ्या मुलाला जूनमधले तीन दिवस काय कामाचे? शेवटच्या महिन्यात पैसे वजा, बाकी वर्षभर दिवस पुढे, अशी मागणी करून पाहावी. अनेक जण ती मान्य करतात.

आता डिपॉझिटकडे वळू. पहिल्या महिन्यात मुलीने ४१०० रुपये मोजले. त्याच महिन्यात ४९ डबे खाल्ले, म्हणून ४१०० ला ४९ ने भागून चौऱ्याऐंशी रुपयांना डबा पडतो, अशी तक्रार ती मैत्रिणींकडे करते. हे चूक आहे. ते पाचशे रुपये तिचेच आहेत, फक्त काकूंकडे ठेवलेले आहेत. खर्च होतो तो परत न मिळालेल्या रकमेचा. डिपॉझिट पूर्ण परत आलं तर डब्याच्या भावात त्याचा वाटा शून्य. फार काटेकोर व्हायचं तर तेवढ्या दिवसांचं बँकेतलं व्याज बुडालं म्हणता येईल, पण बचत खात्यात पाचशे रुपयांवर वर्षाला दहा-पंधरा रुपयेच सुटतात. ते सोडून द्यावेत.

हीच चूक उलट दिशेनेही होते. सोडताना काकू म्हणतात, ‘शेवटच्या महिन्यात डिपॉझिट वळतं करते, तू ३१०० च दे.’ मुलीला वाटतं हा महिना स्वस्तात गेला. तो स्वस्तात गेलेला नाही. ३१०० आज दिले आणि पाचशे कधीच दिलेले होते. पहिला महिना महाग आणि शेवटचा स्वस्त, असं डिपॉझिट दाखवतं. दोन्ही भास आहेत, आणि महिन्याचा खर्च लिहिणाऱ्याने डिपॉझिट वेगळ्या ओळीत लिहिलं की दोन्ही नाहीसे होतात.

डिपॉझिटमधून कापलेली रक्कम मात्र खरा खर्च असते. डब्याचं झाकण हरवलं, एक पुडा बसमध्ये राहिला, काकूंनी २५० कापले. हे २५० कुणावर घालायचे? एका महिन्याच्या ४९ डब्यांवर घातले तर डब्यामागे पाच रुपये दहा पैसे चढतात आणि भाव साडेत्र्याहत्तरावर जातो. पण ते डिपॉझिट त्या एका महिन्याचं नव्हतं. मुलगी दहा महिने डबा खाऊन गेली असेल आणि डबे ४९० च्या आसपास झाले असतील, तर डब्यामागे जेमतेम एक्कावन्न पैसे पडतात. मुक्काम लांब असेल तर डिपॉझिटच्या अटींवर हुज्जत घालण्यात अर्थ नाही. तीन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी आलेल्याने मात्र तीच अट नीट वाचावी. डबा पहिल्या दिवशी हातात आला की त्याचा फोटो काढून ठेवावा. पोचे आणि ढिलं झाकण आधीपासूनचं होतं, हे मग वेगळं सिद्ध करावं लागत नाही.

आणखी एका आकड्यावर लोक गोंधळतात, तो म्हणजे आलेला पण न खाल्लेला डबा. आपल्या मुलीने चार संध्याकाळी ऑफिसच्या लोकांबरोबर बाहेर खाल्लं आणि डबा तसाच सकाळी कामवाल्या बाईंना गेला. खाल्लेले डबे उरले ४५. आता ३३५० ला ४५ ने भागलं तर ७४ रुपये ४४ पैसे येतात. मग खरा भाव कोणता, ६८ की ७४? ज्या कामासाठी भाव काढायचा त्यावर ते अवलंबून आहे. शेजारच्या गल्लीतल्या मेसशी तुलना करायची असेल तर ६८ घ्यावा, कारण न खाल्लेला डबाही काकूंनी केला होता आणि पोचवला होता. आपल्याला दोन्ही वेळचा डबा परवडतो का, हे ठरवायचं असेल तर ७४ घ्यावा.

ते ठरवायला एक सोपा आकडा हाताशी असतो. महिन्याच्या पैशांना सुट्या डब्याच्या दराने भागायचं. ३६०० भागिले ९०, म्हणजे ४०. महिन्यात चाळीसपेक्षा जास्त डबे खरोखर खाल्ले जात असतील तर महिना लावणं फायद्याचं. त्यापेक्षा कमी खाल्ले जात असतील आणि खाडेही धरले जात नसतील, तर सुटे डबे घेतलेले बरे. आपल्या मुलीने ४५ खाल्ले. तेच सुट्या दराने ४०५० ला पडले असते, महिन्याच्या हिशेबात ३३५० ला पडले. एवढं फिरूनही सातशे वाचले. पण दिवाळीच्या महिन्यात ती दहा-बारा दिवस घरी राहिली, बाकी दिवसांत दोन मैत्रिणींची लग्नं झाली आणि डबे तीसच खाल्ले, तर सुट्या दराने २७०० होतात. काकू त्या महिन्यात खाडे किती धरतात हे आधी कळल्याशिवाय पूर्ण महिना भरू नये.

हे आकडे मिळवायला अॅप लागत नाही. दिनदर्शिकेच्या चौकटीत डबा आला की वेळेप्रमाणे ‘स’ किंवा ‘र’ लिहायचं, न खाल्लेल्याला गोल करायचा आणि कळवून बंद ठेवलेल्याला फुली मारायची. कळवलेला निरोप व्हॉट्सॲपवर असावा, तोंडी नको. महिनाअखेरी काकूंच्या वहीतल्या फुल्या आणि आपल्या फुल्या जुळत नसतील, तर निरोपाची तारीख आणि वेळ दोघांनाही दिसते आणि आवाज चढत नाहीत.

सगळ्यात जास्त पैसे ज्यावर जातात, तो प्रश्न मात्र फार थोडे जण विचारतात. महिन्याच्या मध्येच डबा सोडला तर? नोकरी बदलली, खोली सुटली, घरी कुणी आजारी पडलं, अशी वेळ येते. समजा मुलीने १८ तारखेला डबा बंद केला. दोन रविवार धरून तोवर ३४ डबे झाले होते आणि २२ राहिले होते. किती परत मिळतील? सरासरी भावाने मोजलं तर २२ डब्यांचे १४१४ रुपये. खाड्याच्या दराने मोजलं तर ११००. आणि ‘तू महिना पुरा केला नाहीस, मग तुझे ३४ डबे सुट्या दराने धरते’ असं म्हटलं तर ३०६० कापून फक्त ५४० हातात येतात. त्याच वहीतून, तेवढेच डबे खाऊन, तीन वेगळी उत्तरं निघतात आणि पहिल्या व तिसऱ्या उत्तरात पावणेनऊशे रुपयांचं अंतर आहे. तिन्ही पद्धती चालतात, आणि आधी ठरलेलं नसेल तर देणारी व्यक्ती साहजिकच स्वतःला सोयीची पद्धत उचलते. डिपॉझिटचे पाचशे यांत मिळवायचे नाहीत. ते डबे परत दिले की वेगळे मिळायला हवेत.

पहिल्या महिन्याचे पैसे देण्याआधी काकूंना तीनच गोष्टी विचारा: डब्यामागे खाड्याचे किती धरता, पैसे वजा करता की दिवस पुढे नेता, आणि मध्येच सोडलं तर कोणत्या दराने मोजता. मिळालेली उत्तरं त्यांच्याच नंबरवर एका ओळीत लिहून पाठवा. त्यावर ‘हो’ आलं की मग पैसे भरा.